दुसऱ्या प्रतीवरची सही

चाळीस वर्षे मी धुळ्याच्या दिवाणी न्यायालयात एका वकिलांकडे कारकुनी केली. नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवणे, पोस्टाची पावती स्थळप्रतीला, म्हणजे आपल्याकडे ठेवायच्या दुसऱ्या प्रतीला टाचणे, पोहोचेचे कार्ड परत आले की त्यावरची सही आणि तारीख पाहणे, हे माझे काम. पत्र हाती दिले तर दुसऱ्या प्रतीवर सही घ्यायची. पक्षकारांना मी हे इतक्या कडकपणे सांगत असे की काही जण मला टाळत.

माझी थोरली बहीण अमळनेरला राहते. आम्ही तिला अक्का म्हणतो. नवऱ्याच्या मागे घराचा अर्धा भाग तिचा, अर्धा थोरल्या दिरांचा. दीर, म्हणजे आबा, जळगावला असतात. नोंदणीकृत वाटणीपत्रात एक अट होती. एकाने आपला भाग विकायचा ठरवला तर आधी दुसऱ्याला लेखी विचारावे. दुसऱ्याने तीस दिवसांत विकत घेण्याचा लेखी होकार कळवला नाही, तर बाहेरच्याला विकण्यास पहिला मोकळा.

आपला भाग विकायचा असल्याचे आबांचे पत्र वकिलामार्फत, रजिस्टर पोस्टाने आले. अक्काने सही करून घेतले. स्वयंपाकघर तिच्या भागात आणि विहीर आबांच्या. मधल्या चौकात परका माणूस आला तर तिला घर सोडावे लागले असते. तिचा होकार मी लिहिला आणि पोस्टात निघालो. घरात कोर्ट आल्यासारखे वाटेल म्हणून तिने अडवले.

"रजिस्टर नको धाडू, नाना. त्यास्नं वकीलनं धाडं. आपन घरना मानसं. घरमा कोर्ट उनं अस वाटी."

बाविसाव्या दिवशी मी पत्र घेऊन जळगावला गेलो. आबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले, घडी घातली आणि कपाटात ठेवले. विचार करून कळवतो म्हणाले. मग चहा आला. दुसरी प्रत माझ्या पिशवीत होती. ती मी बाहेर काढली नाही. बहिणीच्या सासरी, थोरल्या माणसाच्या घरी चहा पिऊन त्याच्यासमोर सहीसाठी कागद धरणे मला जमले नाही. परततानाही आठ दिवस हातात होते. त्या आठ दिवसांतही मी पोस्टात गेलो नाही.

महिना उलटल्यावर आबांच्या वकिलाचे पत्र आले. मुदतीत होकार आला नाही, आता भाग बाहेर विकत आहोत. आम्ही अमळनेरच्या न्यायालयात दावा लावला आणि विक्रीला तूर्त मनाई मिळवली. आबांनी दाव्याला उत्तर म्हणून दिलेल्या कैफियतीत लिहिले की असे कोणतेही पत्र मला मिळालेले नाही.

आमचे वकील माझ्या जुन्या मालकांचे चिरंजीव. त्यांनी स्थळप्रत उलटसुलट पाहिली.

"नाना, सही?"

"नाही."

"पोस्टाची पावती?"

"नाही."

त्यांनी प्रत फायलीत ठेवून दिली. रागावले असते तर बरे झाले असते.

मार्ग अक्काच्या मुलीने काढला. ती पुण्याला असते. मी जळगावहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आबांच्या मुलाने तिला ई-मेल लिहिला होता. काकूंचे पत्र काल बाबांना मिळाले, ते विचार करत आहेत, असे त्यात होते. तिचे उत्तर आणि त्यावरचे त्याचे उत्तर त्याच मेलखाली जोडलेले होते, तारीख आणि वेळेसह. ई-मेल पुरावा म्हणून द्यायला कायद्याने लागते ते प्रमाणपत्र तिने सही करून जोडले आणि छापील प्रत दाखल झाली. वकील म्हणाले, एवढ्याने भागणार नाही. मेल मुलाचा आहे, आबांचा नाही. आबा नाहीच म्हणाले तर मुलाला साक्षीला बोलवावे लागेल.

अक्का म्हणाली, बापाच्या विरोधात पोराला उभे करायचे नाही. घर गेले तरी चालेल. हे ती मला सांगत होती, वकिलांना नव्हे.

आबा उलटतपासणीला उभे राहिले तेव्हा वकिलांनी तो मेल त्यांच्या हाती दिला. हा तुमच्या मुलाचा का, विचारले. आबांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचला. मग ते न्यायाधीशांकडे न पाहता माझ्याकडे पाहू लागले.

"पत्र मिळनं व्हतं," ते म्हणाले. "यास्नी सही मांगी नही, म्हनीसन मी दिधी नही."

न्यायाधीशांनी ते प्रमाण मराठीत लिहून घेतले. निकाल अक्काच्या बाजूने लागला तो त्या वाक्यावर.

साक्षीच्या त्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात आबांनी मला थांबवले. पिशवीतला कागद काढा म्हणाले. मूळ स्थळप्रत न्यायालयात जमा होती, माझ्याकडे तिची झेरॉक्स होती. आता गरज नाही, मी म्हणालो.

"तुम्हाले नसेल."

त्यांनी भिंतीला टेकवून सही केली. खाली तारीख लिहिताना ते थांबले, पत्र दिल्याची तारीख आठवू लागले.

"आजचीच टाका," मी म्हणालो.

त्यांनी आजची टाकली.