जोडलेले हात

किशोरी मढवी हिच्या घराण्यात शाई आली ती तिच्याबरोबर. तिच्या आधी होतं ते सगळं मीठ. आजा मिठागरात, बाप मिठागरात, आईच्या पायांना खाऱ्या पाण्याच्या भेगा. बापाला आयुष्यभर अंगठ्याने फसवलं. म्हणून त्याने पोरीला एकच गोष्ट शिकवली, "लिवलेलं तेच खरं. तोंडचं वाऱ्यावर जातं." किशोरीने ते पदराला गाठ मारून ठेवलं. बी.ए. झाली, खांदा कॉलनीत नांदायला गेली, एका वकिलाकडे काही वर्षं टंकलेखन केलं. तिच्या हातच्या अर्जात कधी कुणाला खोट काढता आली नाही. ह्याचा तिला अभिमान होता, आणि तो लपवायची तिला सवय नव्हती.

तळोज्याच्या कारखान्यांच्या अंगाने खाडीत कधी तांबडं, कधी काळं पाणी उतरायचं. खाडीकाठच्या चार गावांनी मिळून समिती केली ती दोन हजार अठरा साली. लोकांनी पाणी बिघडलं की एका नंबरावर कळवायचं, समितीने तपासणीच्या साहेबांना कळवायचं, साहेबांनी येऊन पाण्याचा नमुना बाटलीत भरून न्यायचा. मात्र हे सगळं भरतीच्या आत. एकदा भरती चढली की समुद्र सगळं धुऊन नेतो, मग बाटलीत काय सापडणार? त्या नंबराचा फोन समितीने किशोरीच्या हाती दिला. गावची लेक, शिकलेली, नेटकी.

किशोरीने पहिल्याच दिवशी नियम केला. तक्रारीत नाव, गाव, ठिकाण आणि वेळ हवी, आणि ती लिहिलेली हवी. पण लोक का नियमाने चालतात? कुणी कोरा एसेमेस पाठवायचं, आत अक्षर नाही. कुणी नुसती चित्रं पाठवायचं: मासे, कवटी, नाक मुरडलेला हिरवा चेहरा. कुणी बोलून पाठवायचं, तर त्यात अर्धा वारा आणि अर्धा कोंबडा. दिनानाथ गुरुजी निवृत्त झाल्यापासून जगातलं जे जे वाचतील ते उचलून चिकटवायचे. त्यांचा एक निरोप म्हणजे बोटाने ढकलता ढकलता अंगठा दुखावा एवढा. वरच्या चार ओळी दिसत, मग 'पुढे वाचा'. किशोरी पुढे वाचत नसे.

अशा सगळ्यांसाठी तिने एक ठरीव उत्तर बनवून ठेवलं. फोनवर एक तिरकी रेघ दाबली की ते आपोआप उमटायचं: 'नमस्कार. आपला संदेश समजला नाही. कृपया नाव, गाव, ठिकाण व वेळ लिहून पाठवा.' शेवटी जोडलेल्या हातांचं चित्र, कारण उद्धटपणा तिला आवडत नसे. उत्तर गेलं की त्या निरोपावर ती खूण लावायची. खुणेचं नाव तिनेच ठेवलं होतं, 'फालतू'.

समितीचा चिटणीस शैलेश घरत महिन्याचा अहवाल बघून खूश व्हायचा. "ताई, काय स्वच्छ काम आहे तुमचं! एक रेघ इकडची तिकडे नाही."

"कचरा आधीच गाळून टाकते मी," किशोरी म्हणायची.

चैत्र संपता संपता एका सकाळी खाडी पांढरी दिसली. जवळ गेल्यावर कळलं, ती माशांची पोटं होती. बोय, निवटी, आणि हातभर लांबीचे जिताडे, ज्यांच्यासाठी पनवेलच्या बाजारात लोक हमरीतुमरीवर येतात, ते चिखलात उताणे पडलेले. कोळणी पाट्या रिकाम्या घेऊन धक्क्यावर उभ्या. किशोरी शैलेशबरोबर पोचली तेव्हा साहेब आले होते, आणि भरतीही आली होती. पाणी आता निर्मळ, निष्पाप.

"आता काय भरू बाटलीत?" साहेब म्हणाले. "परवापासून बिघडलं होतं म्हणताय, तर कळवलं का नाही? समितीच्या अहवालात या धक्क्याची एकही तक्रार नाही."

गर्दीतून दादू नाखवा पुढे आला. साठी उलटलेला, पाठीला होडीचा बाक. किशोरीच्या बापाचा मैतर. तिच्या लग्नात याच माणसाने जिताडे आणून दिले होते.

"नाय कसं? मी कलवलंय साहेब! परवा कलवलं, काल कलवलं. ही काय आमची किशोरी उभी हाय. तिचा जबाब हाय माज्याकडं." तो लोकांकडे वळला. "काय रे, सांगलेलं का नाय तुमाला? दुसऱ्या कुनी फोन करू नका, पोरीचं डोकं खाऊ नका, माजं पोचलंय म्हनून?"

"सांगलंस ना," दोघातिघांनी माना हलवल्या.

किशोरीच्या पायांखालचा चिखल जरा खचल्यासारखा झाला. साहेब म्हणाले, संध्याकाळी देवळात बसू, कागद बघू, आणि गेले.

घरी येऊन तिने फोन उघडला. 'फालतू'वर बोट ठेवलं. दादूकाकांचा नंबर तिने नावाने साठवलासुद्धा नव्हता. आधी त्यांच्या बटणाच्या फोनवरून कोरा एसेमेस. खाडीकाठी कोऱ्या एसेमेसचा अर्थ लहान पोरालाही ठाऊक: मला लिहिता येत नाही, फोन कर. तिच्या बापाने तिला कॉलेजात असताना असे कितीतरी पाठवले होते, आणि ती धावत जाऊन फोन करायची. मग मुलाने दिलेल्या नव्या फोनवरून मासे, मासे, मासे, आणि तो हिरवा चेहरा. मग बोललेले निरोप, एकाखाली एक, प्रत्येकाशेजारी छोटा हिरवा माइक. ऐकल्यावर तो निळा होतो. एकही निळा नव्हता.

तिने दार लावलं आणि पहिला लावला. वारा होता. वाऱ्याच्या मागून दादूकाका, हळू, जणू समोर बसून: "किशोरी, दादू बोलतंय गो. धक्क्यावरशी. पाणी च्यासारखं झायलंय, नि वास येतंय तो नाकान बसतंय. आता सुकतीचं पाणी हाय, दुपारला भरती. तवर साहेबाला आन. बोय उलट्या व्हायला लागल्यान."

नाव, ठिकाण, वेळ, आणि गाव तर तिचंच. सगळं होतं.

तिने सगळे ऐकले. एक एक माइक निळा झाला. शेवटच्यात ते म्हणत होते, "तुजा जबाब बगला. बरं वाटलं." मग उशिरा सुचल्यासारखी ती गुरुजींच्या लांबलचक निरोपावर गेली आणि तळापर्यंत ढकलत राहिली. गंगेचं प्रदूषण, तुळशीचे गुणधर्म, आणि सगळ्याच्या खाली दोन ओळी: 'आपल्या पुलाखाली आज उग्र दर्प. कृपया पाहावे.'

तिला रडू येईना. रडण्यात आपलीच थोडी कीव असते, आणि तेवढीसुद्धा आपल्याला परवडणार नाही, असं तिला वाटलं.

देवळाकडे जाताना तिने शैलेशला सांगितलं. तो थबकला. "ताई, नियम होता ना? लिहून पाठवा, असं आपण कळवलंही होतं. त्यांनी लिहिलं नाही. एवढंच बोलायचं. समितीची अब्रू आहे."

"आणि दादूकाका?"

"त्यांना कुठे वाचता येतंय? उत्तरात काय होतं ते त्यांना कळायचं नाही."

हे वाक्य तिला इंगळीसारखं डसलं, कारण सकाळपासून तिच्या मनातही तेच कुठेतरी दबा धरून होतं.

देवळात साहेब, गावकरी, कोळणी. दादू नाखवा पहिल्या रांगेत, धुतलेला सदरा घालून. त्याने फोन काढला आणि किशोरीच्या हातात दिला.

"वाच गो मोठ्यान. साहेबाला ऐकव."

फोन त्याच्या हाताने कोमट झाला होता. पडद्यावर तिचंच उत्तर, पुन्हा पुन्हा, तेच तेच. तिला दिसलं की इथे दोनच वाटा आहेत. गप्प राहावं तर काका खोटे पडतात. वाचावं तर काका अडाणी ठरतात, ज्यांच्यापुढे सकाळी छाती काढून उभे होते त्यांच्याच पुढे. तिसरी वाट असेल, पण ती सुचायला दुपारीच त्यांच्या दारी जायला हवं होतं. ती गेली नव्हती. तोंड दाखवायची हिंमत झाली नव्हती.

ती वाचू लागली. "आपला संदेश समजला नाही..."

मागच्या रांगा ऐकायला पुढे झुकल्या.

"काकांनी सगळं बरोबर कळवलं होतं," ती भरभर बोलली. "ठिकाण, भरती, सगळं. मी ऐकलंच नाही. कोरे निरोप, चित्रं, बोललेलं, सगळं मी फालतू म्हणून बाजूला टाकत होते. चूक माझी आहे. साहेब, अहवालात तसं लिहा."

पण लोक तिच्याकडे बघत नव्हते. ते दादूकडे बघत होते. मागून काळूराम, सकाळी धक्क्यावर मान हलवणाऱ्यांतला एक, हसला. "वा रे नाखवा! समजलं नाय म्हनून उत्तर आयलं नि तू जबाब आयला म्हनून मिरवतंस! आमचे फोन बी बंद केलंस!"

दादू उठला. किशोरीकडे न बघता म्हणाला, "हात जोडलंस तू. खाली हात व्हते जोडलेले. मना वाटलं, पोचलं." आणि वहाणा न घालताच पायऱ्या उतरून गेला.

साहेबांनी ते लिहून घेतलं. पुढल्या वेळी निरोप कसलाही असो, लगेच येतो म्हणाले. लोक बऱ्यापैकी समाधानाने उठले. शैलेश चार दिवस तिच्याशी बोलला नाही. किशोरीने ती खूण पुसून टाकली, आणि कोऱ्या निरोपाला फोन करू लागली, चित्र आलं तर 'कुठे?' म्हणून विचारू लागली, बोललेलं ऐकू लागली, गुरुजींना तळापासून वाचू लागली. सगळे निरोप येत होते. दादूकाकांचा तेवढा येत नव्हता.

शेवटी ती त्यांच्या घरी गेली. दारात त्यांची बायको कृष्णाबाई सुकट वाळवत होती. तिने ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. "धक्क्यावर हाय," एवढंच.

दादू चिखलाच्या कडेला जाळं शिवत बसला होता. ती शेजारी उभी राहिली. माफीचं वाक्य तिने रस्ताभर घोळवलं होतं, अर्जासारखं नेटकं. ते आठवेना.

"काका, चुकले."

"ते देवलान बोललंस ना. सगल्या गावाने ऐकलं." सुई जाळ्यातून गेली, आली. "मना एकट्याला आधी सांगलं असतंस तं मीच बोललो असतो उठून, का मना वाचता येत नाय. मी बोललो असतो. आता ते तू बोललंस."

तिने चिखलात घसरलेलं जाळ्याचं टोक उचलून त्याच्या हाताशी ठेवलं.

"फोन पोराला देऊन टाकला," तो म्हणाला. "आता चित्र नाय नि आवाज नाय. पाण्याचं कलायचं आसल तं हितं येऊन बस."

किशोरीने चपला काढल्या. चांगल्या साडीचा विचार न करता ती दगडावर बसली. दादूने जाळ्याची एक ओळ पुरी केली. मग खाडीकडे हनुवटी उचलून म्हणाला, "सुकती लागली." ती बघत राहिली. ओहोटीचं पाणी कुठल्या बाजूने आधी हलतं, तेही तिला सांगता आलं नसतं.