पत्त्याच्या पानावरचा हसरा चेहरा

खऱ्या दुकानात कुणी टोपली काठोकाठ भरली आणि ती गल्ल्यापाशी ठेवून तसंच निघून गेलं, तर आपण निदान मागे हाक तरी मारतो. आमचं दुकान ऑनलाइन. तिथे हाक कुणाला मारणार? तिथे माझ्यासारख्या पन्नाशीला आलेल्या माणसाला भिंतीवर चार्टपेपर चिकटवून गिऱ्हाइकाच्या प्रवासाचा नकाशा काढावा लागतो आणि वाटेत कुठे कोण गळालं ते शोधावं लागतं.

आमचं ऑफिस इथे ओमानमध्ये अल् खुवैरला, गोदाम सीबला. विकतो कुकर, कढया, मिक्सर, डबे, चादरी. मी वेबसाइटचं काम बघतो. म्हणजे ती बनवणारे पुण्यात बसतात आणि ती का चालत नाही हे सांगणारा मी इथे बसतो. माझ्या शेजारच्या टेबलावर वसईच्या एक बाई बसायच्या. त्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपचा डेस्क. लोक त्यांना मेसेज करून वस्तू मागवायचे, त्या ऑर्डर लिहून गोदामाला पाठवायच्या. मला त्या भाऊ म्हणायच्या. रागावल्या की सर.

त्या वर्षी अर्बाबनी, म्हणजे आमच्या ओमानी मालकांनी, एक दिवस आकडे बघून विचारलं, "इतने लोग टोकरी भरते हैं, फिर कहाँ जाते हैं?" त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा बरं आहे. मग त्यांनी स्वतःच तोडगा काढला. एका दुकानाला दोन दरवाजे कशाला? महिनाअखेरीला व्हॉट्सअ‍ॅपचा डेस्क बंद करायचा, म्हणजे लोक आपोआप वेबसाइटवर खरेदी पूर्ण करतील. तोवर मी गळती कुठे आहे ते शोधायचं.

डेस्क बंद म्हणजे बाईंची नोकरी बंद, आणि नोकरी बंद म्हणजे व्हिसाही बंद. त्यांची मुलगी इथल्या भारतीय शाळेत बारावीला होती. परीक्षेच्या तोंडावर तिला घेऊन वसईला परत जायचं, हे त्या बोलून दाखवत नव्हत्या. फक्त डबा खाताना खिडकीबाहेर बघायच्या.

आता कबुली देतो. डेस्क बंद करायच्या कल्पनेला खतपाणी माझंच होतं. सहा महिन्यांपूर्वी एका टिपणात मी ऐटीत लिहिलं होतं की व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेणं ही जुनी सवय आहे आणि ती हळूहळू मोडली पाहिजे. अर्बाब एरवी माझी टिपणं वाचत नाहीत. नेमकं हेच वाचलं.

तर मी नकाशाला लागलो. मीटिंगच्या खोलीत चार्टपेपर लावला आणि एका ओळीत चौकटी आखल्या: वस्तूचं पान, टोपली, मोबाइल नंबरनं लॉग-इन, पत्ता, पैसे भरणे, आभार. प्रत्येक चौकटीखाली गिऱ्हाईक तिथे काय करतं, काय विचार करतं आणि त्याला काय वाटतं, हे लिहायचं. काय वाटतं त्याच्यासाठी चेहरे काढायचे, हसरे किंवा रडके. आभाराखाली मोठा हसरा काढला. पैसे भरण्याखाली कपाळावर आठी. पत्त्याखाली बारीकसा हसरा चेहरा काढला, कारण पत्ता लिहायला कुणाला काय त्रास होणार? कुणाला विचारलं नव्हतं. मनानंच काढला.

बाई चहा घेऊन डोकावल्या. "कुणाचे आहेत हे चेहरे?"

"गिऱ्हाइकांचे."

"भेटलात वाटतं सगळ्यांना," असं म्हणून त्या गेल्या.

माझा संशय डिलिव्हरीच्या पैशांवर होता. शेवटी रक्कम वाढलेली दिसते आणि लोक बिचकतात, असं मला वाटायचं. अर्बाबना सांगून आठवडाभर डिलिव्हरी फुकट ठेवली. विक्री हलली, गळती जागची हलली नाही. मग वाटलं, बँकेचा ओटीपी वेळेवर येत नसेल. पण प्रत्येक पानावर किती जण पोचतात ते मोजलं तर बहुतेक मंडळी पैशांच्या पानापर्यंत येतच नव्हती. लॉग-इन करत होती, पत्त्याचं पान उघडत होती आणि गडप होत होती. माझ्या हसऱ्या चेहऱ्यापाशी.

मी ते पान पन्नास वेळा तपासलं. दर वेळी सुळकन पुढे जायचं. मोबाइलवर बघितलं, अरबीत बघितलं, इंग्रजीत बघितलं. काही अडत नव्हतं.

इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. शुक्रवारी नाश्ता झाल्यावर मी बायकोला म्हटलं, "आपल्या साइटवरून एक कढई मागव. मी नुसता बघत बसतो."

"मदत नाही करणार?"

"अजिबात नाही. असंच करायचं असतं. गिऱ्हाइकाला मदत केली तर ते कुठे अडतं ते कळत नाही."

"म्हणजे घरातल्यासारखंच," ती म्हणाली आणि फोन उघडला.

कढई निवडली. तिच्याबरोबर एक झारा, दोन डबे आणि एक चादरही निवडली, कारण कंपनीच्या खर्चानं आहे असा तिचा समज झाला. लॉग-इन झालं. पत्त्याचं पान आलं आणि तिचा अंगठा थांबला.

"अहो, आपला वे नंबर काय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इथे गल्ल्यांना नावं कमी, नंबर असतात. गल्लीचा तो वे नंबर, मग इमारतीचा नंबर. दोन्ही कोपऱ्यावर आणि भिंतीवर पाट्यांवर लिहिलेले असतात. आणि कुणी वाचत नाही. आम्ही या घरात अकरा वर्षं राहतो आणि सगळ्यांना सांगतो, पेट्रोलपंपावरून दुसरा राउंडअबाउट, उजवीकडे औषधांचं दुकान, त्याच्या मागची पांढरी इमारत. त्या गल्लीत सगळ्याच इमारती पांढऱ्या आहेत. तरी लोक येतात, कारण शेवटी आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठवतो.

"सोडून दे तो रकाना," मी म्हटलं.

"लाल होतोय. भरल्याशिवाय पुढे जात नाही. कुणी बनवलंय हे?"

तो रकाना सक्तीचा असावा हा आग्रह माझा होता. पुण्याच्या मुलांनी विचारलंही होतं. मी त्यांना सुनावलं होतं की पत्ता म्हणजे पत्ता, शिस्त हवी. आणि माझ्याकडून ते पान सुळकन पुढे का जायचं तेही तेव्हाच लक्षात आलं. माझ्या खात्यात ऑफिसचा पत्ता कधीचा साठवलेला. मी त्या रकान्यात आयुष्यात एकदाही काही लिहिलं नव्हतं.

मी सपाता घालून खाली उतरलो. पाटी जनरेटरच्या खोलीमागे होती आणि तिच्यावर बोगनवेल चढलेली. वेल बाजूला करून नंबर वाचला, चार आकडे घोकत वर आलो. लिफ्टमध्ये शेजाऱ्यांनी विचारलं, "सब ठीक?" मी मान हलवली, कारण बोललो असतो तर आकडे विसरलो असतो.

वर आलो तोवर बायकोनं फोन ठेवून दिला होता.

"मागवलं?"

"हो. टोपलीचा स्क्रीनशॉट काढला आणि तुमच्या ऑफिसातल्या बाईंना पाठवला. लोकेशन पाठवलं. त्या म्हणाल्या, उद्या दुपारपर्यंत येईल. कंपनीच्या खर्चानं नाही म्हणाल्या."

मी खुर्चीत बसलो. "तू नेहमी असंच करतेस?"

"आम्ही सगळ्याच असंच करतो," ती म्हणाली. "साइटवर बघायचं, टोपलीत टाकायचं, बाईंना पाठवायचं. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

शनिवारी मी ऑफिसात गेलो. लॉग-इन मोबाइल नंबरनं होतं आणि बाईंच्या नोंदींतही मोबाइल नंबर असतात. सोडून दिलेल्या टोपल्यांचे नंबर आणि त्याच दिवशी त्यांच्याकडे आलेल्या ऑर्डरींचे नंबर शेजारी शेजारी ठेवले. एकामागून एक जुळत गेले. सगळे नाही. काही लोक खरोखरच गेले होते, कायमचे. पण ज्यांना मी पळालेले समजत होतो त्यातले बरेच जण शेजारच्या टेबलावरून खरेदी पुरी करत होते. मी मोजत होतो फक्त माझा दरवाजा.

रविवारी सकाळी बाई आल्या तसं मी त्यांना सगळं सांगितलं, माझ्या जुन्या टिपणासकट.

त्यांनी पर्स टेबलावर ठेवली. "टिपणाचं मला माहीत होतं, सर."

"मग हे नंबरांचं आधी का नाही सांगितलंत?"

"मला काय माहीत, तुम्ही कोणाला हरवलेले म्हणता ते? माझ्याकडे तर येत होते." मग म्हणाल्या, "मीटिंगमध्ये हे तुम्ही सांगणार का मी?"

"मीच सांगतो. पण तुम्ही बरोबर या."

अर्बाब आले, कॉफी घेतली, नकाशासमोर उभे राहिले. मी सांगायला सुरुवात केली. गळती पत्त्याच्या पानावर आहे. तो रकाना मी सक्तीचा करायला लावला. मला माझ्या स्वतःच्या घराचा वे नंबर माहीत नव्हता. इथे अर्बाब म्हणाले, "मेरे घर का मुझे भी नहीं मालूम." मला बरं वाटलं. पण त्यांनी लगेच पुढे विचारलं, "तो ये लोग यहाँ से कहाँ गए?"

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्या हातातलं मार्कर घेतलं आणि पत्त्याच्या चौकटीतून एक रेघ खाली काढली. ती कागदाबाहेर जाईल इतकी लांब गेली, मग त्यांनी ती वळवून थेट आभाराच्या चौकटीत आणली. मध्ये एक गोल केला.

"ये कौन?" अर्बाबनी विचारलं.

"मैं," बाई म्हणाल्या.

मी जुळलेल्या नंबरांची यादी पुढे ठेवली आणि म्हटलं, हा डेस्क महिनाअखेरीला बंद केला, तर ही रेघ इथे तुटेल. हे लोक माझ्या पानावर परत येणार नाहीत. ते दुसऱ्या दुकानात जातील.

अर्बाबनी यादी दोनदा वाचली. आकड्यांवर बोट फिरवत वाचली. मग ते म्हणाले, "डेस्क रहेगा." बाईंना म्हणाले, "आप रहेंगी." मला म्हणाले, "तुम पेज ठीक करो. यल्ला, जल्दी करो." दारात थांबून त्यांनी आणखी एक सांगितलं: नवीन पान लावायच्या आधी बाईंना दाखवायचं. त्या हो म्हणाल्या तरच लावायचं.

पुण्याला फोन केला. वे नंबरची सक्ती काढली, नकाशावर टाचणी लावायची सोय ठेवली आणि खाली एक बटण ठेवलं, तिथून थेट बाईंशी बोलता येईल. नवीन पान मोठ्या अभिमानानं त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी आपल्या घरच्या पत्त्यानं, साठवलेलं काहीही न वापरता, ऑर्डर करून बघितली. टाचणी त्यांच्या इमारतीऐवजी समोरच्या मशिदीवर बसत होती आणि हलवता येत नव्हती.

"भाऊ, परत," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी टाचणी हलायला लागली, पण अरबीत बटणच दिसेना. तेही परत. तिसऱ्या वेळी त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून भरून बघितलं, मी शेजारी उभा. मुलीच्या शाळेतून परीक्षेचं वेळापत्रक आलं होतं, ते त्यांच्या फोनमध्ये मधेच वर आलं. त्यांनी ते बाजूला सारलं आणि पुन्हा माझ्या पानावर आल्या.

"बरं आहे," त्या म्हणाल्या. "लावा."