हवेच्या पाइपाचं तोंड

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने परळ-लालबाग पेटलं होतं, तेव्हाची गोष्ट. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. दादरला एका छोट्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. खाली दुकानं, वर एक बिऱ्हाड आणि त्यावर गच्ची. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई.

उन्हाळ्यापासून आमच्या न्हाणीघरातून आणि स्वयंपाकघरातल्या मोरीतून घाण वास यायला लागला. मला दिवस गेलेले. सकाळी चूल पेटवायला बसले की त्या वासाने उठून दाराबाहेर जावं लागायचं. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणायच्या, "माझ्या हातात घर होतं तोवर असला वास कधी आला नव्हता." शेजारीणबाई आल्या तरी त्यांच्यासमोर हेच. मी राख घेऊन मोरी घासायची, फिनेल ओतायची. तासभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

माझे वडील घोडपदेवला राहायचे, नळकाम करायचे. मोरीच्या जाळीखाली ट्रॅप असतो, त्याच्या पोटात पाणी साचून राहतं आणि तेच पाणी गटाराची हवा वर येऊ देत नाही, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून मिस्टरांना म्हटलं, "अहो, ट्रॅपमध्ये पाणी टिकत नाहीये. बाबांना बोलवा."

"आई म्हणते, फरशीला ढाळ नाही, पाणी कोपऱ्यात साचून कुजतं," ते म्हणाले. गवंडी आला, फरशी उखडून जाळीकडे नीट उतार करून गेला. पाणी साचायचं थांबलं. वास मात्र थांबला नाही. आता तर बोलायला दुसरं कारणच उरलं नाही. दोष माझ्या हाताचा ठरला.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. दुपारी मोरीत भांडी घासली की वास जायचा. सकाळी वरच्या मजल्यावरच्यांच्या आंघोळी झाल्या की आमच्या जाळीतून गुडगुड आवाज यायचा आणि मागोमाग वास. शेवटी मीच बाबांना निरोप धाडला.

बाबा आले. मुलीच्या सासरी पाण्यालाही नको म्हणणारा माणूस. त्यांनी जाळी काढली, काठी बुडवून पाणी पाहिलं, मग वरच्या बाईंना हाक मारली, "ताई, न्हाणीत पाण्याचं घंगाळ एकदम उपडं करा." वरून पाणी सुटलं तसं आमच्या ट्रॅपमधलं पाणी थरथरलं, गुडगुडलं आणि बघता बघता खाली ओढलं गेलं. लगेच भपकारा आला.

"पाणी पाइपातून जोरात खाली जातं, तेव्हा त्याच्या मागे हवा लागते," बाबा म्हणाले. "ती गच्चीवरच्या उघड्या तोंडातून यायला हवी. तिथून मिळाली नाही तर पाइप ट्रॅपमधलं पाणी ओढून इथूनच हवा घेतो. जावईबापू, गच्चीवर चला."

मीही जिना चढले. पाइपाचं तोंड कठड्याच्या आत, कमरेइतक्या उंचीवर होतं आणि सिमेंटने पक्कं लिंपलेलं. मिस्टर खाली बघत उभे राहिले.

"आई इथे पापड वाळत घालते," ते हळूच म्हणाले. "तोंडातून वास येतो म्हणाली. मीच बुजवलं, उन्हाळ्यात."

बाबांनी छिन्नी-हातोडा घेतला आणि सिमेंट फोडलं. खाली येऊन त्यांनी ट्रॅप भरला, वरून पुन्हा पाणी सोडायला लावलं. पाणी जरासं हललं, पण जागेवर राहिलं. सासूबाईंना ते एवढंच म्हणाले, "पाइप तुंबला होता, विहीणबाई." जिन्यात मला म्हणाले, "उगाच वाढवू नकोस. तुला इथे राहायचंय."

वास वरच्या वर निघून जावा म्हणून तोंड माणसाच्या डोक्याच्याही वर न्यायचं, त्याला पाइपाचा तुकडा हवा होता. हरताळामुळे दुकानं बंद. तो मिळेपर्यंत सासूबाईंच्या पापडांना गच्चीचं दुसरं टोक गाठावं लागलं आणि त्याचाही राग माझ्यावरच निघाला.

"तुम्ही आईंना सांगणार की नाही?" मी मिस्टरांना विचारलं.

"तिला वाईट वाटेल."

"आणि मला?"

ते मोर्च्याला निघून गेले.

त्या रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "अखेर बापाला बोलवून मोरी साफ करून घ्यावी लागली." मी म्हणाले, "आई, मोरी साफच होती. गच्चीवरचा हवेचा पाइप बुजवला होता, म्हणून वास येत होता. कुणी बुजवला, ते यांना विचारा."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. ते भात कालवत राहिले. त्या ताटावरून उठल्या.

पाइप उंच झाला, वर जाळी बसली, वास कायमचा गेला. सासूबाई मात्र कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. चुकलं, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत; मिस्टरही नाहीत. बाळंतपणाला मी घोडपदेवला गेले, तेव्हा बाबांनी विचारलं, "सगळं ठीक आहे ना घरी?"

"वास गेला," मी म्हणाले.