मऊमावशीच्या हातावरचं वर्तुळ

पाळणाघरातली पोरं तिला मऊमावशी म्हणत. तिचे दंड भरलेले, मांडी ऐसपैस आणि आवाज दुधावरच्या सायीसारखा. रडून घर डोक्यावर घेणारं पोरही तिच्या हातावर डोकं टेकलं की पाघळायचं. नवरा गेल्यावर तिनं हे काम धरलं, तेव्हा सासू म्हणाली होती, "दुसऱ्यांची पोरं सांभाळून काय मिळणार?" पण इतक्या वर्षांत तिच्या हातावर निजून गेलेली पोरं आता मिशा फुटून रस्त्यात भेटायची आणि लाजत लाजत "मावशी" म्हणायची.

त्या हातावरच एक दिवस वर्तुळ उमटलं. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढं. खाज सुटली तशी तिनं रात्री तेल चोळलं. शेजारीण म्हणाली, "माझ्याकडे ट्यूब आहे, एकदम रामबाण." ट्यूब लावल्यावर खाज थांबली, लाली उतरली. मावशीनं नि:श्वास टाकला. पण ट्यूब संपली आणि वर्तुळ पुन्हा उठलं. आता ते पसरलं होतं, आणि कडा कुठे संपते तेही नीट कळत नव्हतं.

त्याच सुमारास तिच्या मानेवर लालसर फुगवटे आले. मुलीला न्यायला आलेल्या एका आईनं ते पाहिले, हातावरचंही पाहिलं आणि न विचारता मोबाइल काढून दोन फोटो घेतले. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर फोटो झळकले. खाली लिहिलं होतं, "हे गजकर्ण आहे ना? आपल्या मुलांना लागलं तर?" मग काय विचारता! कुणी म्हणे गजकर्णच, कुणी म्हणे इसब, कुणाच्या आत्याला अगदी असंच झालं होतं. एकानं तर फोटो मोठा करून त्यावर लाल बाण काढून दाखवला. हाताचा आणि मानेचा, दोन्ही फोटो एकाच रोगाचे धरले गेले.

दुसऱ्या दिवशी पाळणाघराच्या बाईंनी तिला बाजूला घेतलं. "मावशी, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण डॉक्टरचा कागद आणा, तोवर घरी रहा."

मावशीनं चपला पायात सरकवल्या. तिला रोगाची भीती नव्हती, तिला भीती होती ती त्या नजरांची. हाताला हात लागू नये म्हणून पोरांना मागे ओढणारी माणसं तिनं दारातच पाहिली होती.

जवळच्या दवाखान्यात त्वचेचे डॉक्टर नव्हते. तिथली सिस्टर फोटो काढून शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पाठवायची आणि तिथल्या डॉक्टरीणबाई फोनवर बोलत. सिस्टर तशी तोंडाळ पण मनानं मऊ. "आधी हात साध्या पाण्यानं धुवा आणि पुसा," ती म्हणाली. "तेलानं खपली चकाकते, मग दिसतच नाही." तिनं मावशीला खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि मोबाइलमधली चेहरा गुळगुळीत करणारी सोय बंद केली. "ही बया सुरकुत्यांबरोबर रोगही पुसून टाकते!"

एक फोटो लांबून, एक जवळून, एक तिरपा. शेजारी मापासाठी पट्टी. तरी फोटो पाहून डॉक्टरीणबाईंचा आवाज साशंकच होता.

"मावशी, मानेवरचे फुगवटे आता आहेत?"

"सकाळी होते, बाई. आता पाठीवर आलेत."

"सिस्टर, पाठीवरच्या एका फुगवट्याभोवती पेनानं रेघ मारा. उद्या बघा. रेघ तिथेच आणि आतला फुगवटा गायब झाला, तर पित्ताच्या गांधी समजायच्या. एकेक गांध सहसा दिवसाभरात विरते आणि दुसरीकडे उठते. तिच्यावर खपली नसते. आणि ती कुणाला लागत नाही."

"आणि हात?" मावशीनं विचारलं.

"हात अवघड आहे. गजकर्ण बहुधा कडेनं वाढतं. कडेला खपली, मधे जरा निवळलेलं. इसबाचा चट्टा पुष्कळदा सगळाच खरखरीत असतो, कधी पाणी सुटतं. पण गोल इसबही असतं आणि मधे न निवळलेलं गजकर्णही. तुमचा सगळाच भाग सारखा दिसतोय. त्यात तुमचा रंग सावळा, लाली फोटोत तपकिरी दिसते. तुम्ही काही लावलं होतं का?"

मावशीनं ट्यूबची गोष्ट सांगितली. खाली मान घालून, चोरी पकडल्यासारखी.

"तुमची चूक नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण अशा ट्यूबमध्ये बरेचदा स्टेरॉइड असतं. त्यानं गजकर्ण दबतं, बरं होत नाही, आणि त्याची ओळख मात्र पुसते. मला विचाराल तर माझा कौल इसबाकडे आहे. तुम्ही दिवसभर साबणात हात घालता ना? पण हा नुसता कौल. फोटोवर कागद देणार नाही. आठवडाभर काही लावू नका आणि इकडे या, खपली खरवडून तपासू."

दुसऱ्या दिवशी पाठीवर पेनाची रेघ होती आणि आत कोरी कातडी. सिस्टरनं तसं डॉक्टरीणबाईंना कळवलं. मावशीला थोडं हायसं वाटलं, पण हाताचा घोर होताच.

शहरात डॉक्टरीणबाईंनी भिंगातून हात पाहिला, बोटानं चाचपला. मग बोथट पात्यानं कडेची खपली काचेवर घेतली, थेंबभर औषध टाकलं आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. बराच वेळ त्या वाकून बघत राहिल्या. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाल्या, "मावशी, माझा कौल चुकला. बुरशीचे धागे आहेत. गजकर्णच."

मावशीचे डोळे भरून आले. "म्हणजे ग्रुपवर फोटो टाकणाऱ्या त्या बाई खरं बोलत होत्या."

"हाताचं बरोबर निघालं, मानेचं चुकलं. फोटोवरून त्यांना काय, मलाही खात्री नव्हती. हे औषध लावा, चट्टा कापडानं झाका आणि कामाला जा. तसा कागद देते. पण एक सांगा, या हातावर कोण निजतं?"

मावशीच्या डोळ्यांपुढे एकच पोर आलं. पाळणाघरातला सगळ्यात धाकटा. केसांत कोंडा झालाय म्हणून त्याचे बाबा तेल लावायचे. त्याच्या डोक्यावर एका जागी केस विरळ झाले होते.

त्याच्या बाबांना सांगणं तिला जड गेलं. उद्या हाच माणूस म्हणाला असता, 'तुमच्यामुळेच झालं.' तरी ती त्यांच्या दारात गेली, हात दाखवला आणि म्हणाली, "साहेब, रागवा हवं तर. पण पोराला दाखवा. आणि नुसता फोटो पाठवू नका, पोरालाच न्या."

बाबांनी दार पुरतं उघडलं. मग म्हणाले, "आत या, चहा घ्या."

पोराच्या डोक्यातही तीच बुरशी निघाली. केसांच्या मुळाशी मलम पोचत नाही, म्हणून त्याला पोटात घ्यायचं औषध मिळालं. आधी कुणाला झालं, पोराला की मावशीला, हे बाबांनी डॉक्टरीणबाईंना विचारलंच. "ते आता कुणीच सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या, आणि बाबांनी तो विषय तिथेच सोडला. ग्रुपवर त्यांनी स्वतःच लिहिलं, की माझ्या मुलाला गजकर्ण आहे, उपचार चालू आहेत, सगळ्यांनी मुलांची डोकी एकदा तपासून घ्या.

कागद दाखवून मावशी कामावर परतली, तेव्हा फोटो काढणारी आई दोन दिवस मावशीची नजर चुकवत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मावशी, मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं." मावशी म्हणाली, "आईचा जीव आहे, घाबरणारच. पण पुढच्या वेळी मला आधी सांगा, ग्रुपला नंतर."

हात बरा व्हायला वेळ लागला आणि मागे काळपट डाग राहिला. पित्ताच्या गांधी मात्र अधूनमधून येतच राहिल्या. कशामुळे, ते सापडलं नाही. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि सरळ सांगितलं, की पुष्कळदा कारण सापडतच नाही. मावशीला त्या उत्तराचा राग आला नाही. माहीत नसलेलं माहीत नाही म्हणणारं माणूस तिला आवडायला लागलं होतं.