धुरातला हुकूम
जळक्या वायरीचा वास आला की सिल्व्हर पार्क सोसायटीतल्या आमच्या जिन्यातला तो दिवस आठवतो. शेजारचं वायरिंग पेटलं होतं आणि धुरात सगळे एकमेकांना रेटत होते. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त सुभेदारकाका कवायतीच्या सुरात गरजले, "डावा पाय आधी. तेऽऽज..." त्या लांबलेल्या शब्दाने सगळे थबकले, आणि "चल" म्हणताच एकदम उतरू लागले. "बाएँ, दाएँ"च्या तालावर कुणीही पडलं नाही. खाली आल्यावर काका म्हणाले, "पूर्वी लढाईत बंदुकांच्या धुरात काही दिसायचं नाही. खेटून चालणारी रांग मोडू नये म्हणून हा ताल आला. हुकूम लांबवायचा तो सगळ्यांनी तयार व्हावं म्हणून." मी नकळत सॅल्यूट केला. "तळहात समोर," ते हसले, "हातात हत्यार नाही, हे दाखवायची ती खूण, असं म्हणतात." आता काका थकलेत. जिना उतरताना मी त्यांचा हात धरते आणि हळूच म्हणते, "बाएँ, दाएँ."