दाराबाहेरचं वाक्य

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मिस विसालना सगळ्यात जास्त कोणी छळलं असेल, तर सूर्याने. मुख्याध्यापिका परवडल्या, पण सूर्य नको. इर्बिद शहरातल्या एका मुलींच्या शाळेत त्या अरबी शिकवायच्या, म्हणजे खरं तर निबंधांच्या वह्या उपसायच्या, आणि दर दुसऱ्या वहीत पहिल्याच ओळीला सूर्य उगवलेला असायचा. विषय पाणीटंचाई असो, आई असो, नाहीतर रस्त्यावरचा अपघात. आधी सोनेरी सूर्य, मग मंजुळ पक्षी, मग ज्ञानाची थोरवी. हाच मजकूर मुलींच्या आयांनी पाठ केला होता, आता मुलींनी केला. नमनालाच घडाभर तेल!

"अगं, अपघात कुठाय?" मिस विचारायच्या.

"तिसऱ्या पानावर, मिस."

"तोवर त्या बिचाऱ्याचं दफनसुद्धा उरकलं असेल!"

वर्ग हसायचा. मिस हसायच्या नाहीत, कारण पुढच्या वहीत सूर्य तयारच असायचा.

त्यांची रीत साधी होती. प्रत्येक परिच्छेदाच्या पहिल्या वाक्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारायची. या परिच्छेदात मी काय सांगणार, हे त्या वाक्याने कबूल करायचं. मग खालच्या एकेका वाक्यावर बोट ठेवून विचारायचं, "तू इथे कशाला आलीस?" वरच्या वाक्याला आधार देत असेल, पुरावा देत असेल, तर बस. नाहीतर ऊठ. दुसऱ्या परिच्छेदाची असशील तर तिकडे जा, कुठलीच नसशील तर घरी जा. शेवटी नुसती रेघ मारलेली वाक्यं एकाखाली एक वाचायची. त्यातून निबंधाचा सांगाडा दिसला पाहिजे. दिसला नाही, तर वही परत.

या सवयीने बाईंचा स्वभावही तसाच झाला होता. शारजाहून मुलगा रकानचा फोन आला आणि त्याने हवापाण्यापासून सुरुवात केली, की त्या म्हणायच्या, "मुद्द्यावर ये, उन्हाळा मला इथे दिसतोय." नवरा वारल्यावर भेटायला आलेल्या एका बाईला त्यांनी, "तुम्ही मला धीर द्यायला आलात की सुनेची तक्रार सांगायला? दोन्हीपैकी एक करा," असं सुनावलं होतं. ती बाई परत आली नाही. मिसना त्याचं फार वाईट वाटलं असंही नाही.

आणि अशा बाईच्या नशिबी त्या गुरुवारी आले अबू तारिक.

अबू तारिक म्हणजे गल्लीच्या टोकाच्या बेकरीचे मालक, पण त्यांची खरी ख्याती वेगळीच. कुणाच्या मुलीला मागणी घालायला वडीलधारी मंडळी निघाली, की सगळ्यांच्या वतीने बोलायला अबू तारिकच लागायचे. यजमान कडू कॉफीचा पेला पुढे ठेवणार, हे त्याला शिवणार नाहीत. अल्लाची स्तुती, पैगंबरांवर सलाम, दोन्ही घराण्यांचे पूर्वज, असं करत करत ते मागणीवर यायचे, आणि "मुलगी तुमची झाली" हे शब्द कानावर पडले की मगच पेला ओठाला लावायचे. दोन-दोनशे माणसं तोंडात बोट घालून ऐकायची.

त्यांची मुलगी लुजैन बारावीला मिसच्या वर्गात होती. अम्मानच्या एका नर्सिंग कॉलेजात पूर्ण फीमाफीची एक जागा होती, आणि तिच्यासाठी निबंध मागवला होता: 'तुम्ही तोंड दिलेली एक अडचण'. चारशे शब्द, त्याच्यावर एक शब्द संगणक घेत नव्हता. मुदत गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत. ही जागा हुकली तर लुजैनने बेकरीच्या गल्ल्यावर बसायचं हे घरात ठरलेलं होतं, आणि लुजैनला ते ठाऊक होतं.

दोन वाजता मिस शाळेतून घरी पोचल्या, तर बापलेक ओट्यावर हजर. लुजैनच्या हातात लॅपटॉप, अबू तारिकांच्या अंगात लग्नाचा कोट.

मिसनी कॉफी ठेवली. अबू तारिकांनी पेला बोटभर पुढे सरकवला आणि हात मांडीवर ठेवले.

"मिस विसाल, अल्ला तुमच्या हातांना बरकत देवो. तुमच्या दिवंगत पतींची आठवण आम्हाला रोज..."

"काय झालं ते सांगा."

"तुम्ही माझे परिच्छेद उडवलेत म्हणे. ते परत घाला. माझा शब्द राखा, मगच मी ही कॉफी पिईन."

मिसनी कपाळावर हात मारला. म्हणजे सकाळी शाळेत त्यांनी अर्धा निबंध छाटून दिला होता, तो या गृहस्थांनी दुपारपर्यंत पुन्हा भरून आणला होता! पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी लॅपटॉप ओढला. सातशे बारा शब्द. सुरुवातीला सूर्य. सूर्याखाली देणगीदारांची स्तुती. मग आजोबांची ऐंशी झैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची झाडं, घराण्याचं आदरातिथ्य आणि जर्मनीत डॉक्टर असलेला चुलतभाऊ. या गर्दीत कुठेतरी खरी गोष्ट कोंबलेली होती. आजीला मधुमेह, पायाला जखम, आणि सात महिने रोज ती जखम लुजैनने धुतली, बांधली, बरी केली.

"हा चुलतभाऊ कशाला?"

"घराण्यात वैद्यकी आहे, हे कळायला नको?"

"जखम त्याने बांधली?"

"नाही, तो जर्मनीत..."

"मग तिथेच राहू दे त्याला!"

चुलतभाऊ गेला. झाडं गेली. अबू तारिकांचा चेहरा उतरत चालला, पण ते हटेनात. "अहो, कुणाच्या दारात जाऊन एकदम मागायचं? ही काय रीत झाली? भिकारीसुद्धा आधी दुवा देतो."

मिस वैतागून उठल्या, दोन येरझाऱ्या घातल्या आणि त्यांच्यासमोर येऊन थांबल्या. "अबू तारिक, मागणी घालायला जाता, तिथे तुम्ही कधी बेकरीच्या पिठाविषयी बोलता?"

"अल्ला! तिथे पिठाचं काय काम? तिथे प्रत्येक शब्द मागणीसाठी असतो. पूर्वजांची नावं घेतो तीसुद्धा मुलीच्या बापाचं मन वळावं म्हणून."

"आणि मी इथे काय म्हणतेय मघापासून? त्या परीक्षकांनी तुमचे पूर्वज मागितलेत? एक अडचण मागितलीय! तुमची झाडं म्हणजे इथे पीठ आहे, पीठ!"

आपल्याच धंद्यातली गोष्ट होती, नाही म्हणता येईना. "बरं, काढा," अबू तारिक पुटपुटले. "पण एक वाक्य राहू द्या. तेवढं एकच."

ते वाक्य तिसऱ्या परिच्छेदात होतं. परिच्छेदाचं पहिलं वाक्य चांगलं होतं, लुजैनचं स्वतःचं: 'जखमेला हात लावण्याआधी हात कसे धुवायचे, हे मला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी शिकवलं.' पुढे साबण, नखं, हातमोजे, सलाईनचं पाणी, गॉजची पट्टी. सगळं जागच्या जागी. आणि मध्येच: 'माझे वडील डोंगरासारखे माझ्या पाठीशी उभे होते.'

"हात धुताना डोंगर कुठून आला?" मिसनी पेन्सिल आपटली. "हेही काढ गं."

लुजैनने बोट कळीवर ठेवलं आणि खाली बघत म्हणाली, "तसं खरंही नाहीये ते, मिस. बाबा पाठीशी नव्हते. दाराबाहेर होते."

मिसना स्वतःचाच राग आला. सकाळी त्यांनीच हे वाक्य डोळे मिटून खोडलं होतं, एका शब्दाने विचारलं नव्हतं, की हे इथे कशाला आलं. मुलींना सत्तावीस वर्षं विचारायला लावलं आणि स्वतः विचारलं नाही!

"दाराबाहेर म्हणजे?"

"आई सहालाच शिवणकामाच्या कारखान्यात जायची. माझा भाऊ तारिक रक्त बघून भिंत धरायचा. आणि बाबा दाराबाहेर उभे राहून मोठमोठ्याने दुआ म्हणायचे. मी पट्टी बांधेपर्यंत. आत यायचे नाहीत."

"नवीन परिच्छेद," मिस म्हणाल्या. "पहिलं वाक्य तू सांग. हे सगळं एका वाक्यात काय आहे?"

लुजैनने बराच वेळ लावला. मग टाइप केलं: 'घरात त्या जखमेकडे बघू शकणारी मी एकटीच होते.'

तिन्ही माणसं त्या वाक्याखाली आपोआप येऊन बसली. आई, तारिक, बाबा. एकालाही ऊठ म्हणावं लागलं नाही.

अबू तारिकांच्या कानशिलापर्यंत लाली चढली. "हे परक्या लोकांना वाचायला देणार? माणसं मला पुढे करतात, मिस! आणि माझी मुलगी लिहिणार, की बाप घाबरून दाराबाहेर..."

"नको असेल तर खोडते, बाबा," लुजैन म्हणाली. तिचं बोट पुन्हा कळीवर गेलं.

मिसच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. त्यांनी एकच सांगितली. "हे खोडलं तर ही फक्त पट्ट्या बांधणारी मुलगी उरते, अबू तारिक. अशा शंभर येतील."

साडेचार वाजत आले होते. अबू तारिकांनी कोटाचं वरचं बटण काढलं.

"माझ्या आईचा पाय होता तो," ते म्हणाले. त्यात स्तुती नव्हती, पूर्वज नव्हते. "मला बघवत नव्हतं." मग त्यांनी विचारलं, "दुआसुद्धा काढणार?"

"दुआ राहणार. ती दाराबाहेरचीच आहे, तिची जागा तिथेच."

"मग लिही, पोरी."

त्यांनी पेला उचलला. गार, कडू कॉफी त्यांनी एका घोटात संपवली. मिसनी परिच्छेदांची पहिली वाक्यं ओळीने मोठ्याने वाचली: आजीच्या जखमेपासून, हात धुण्यापर्यंत, एकटीपर्यंत, आणि सात महिन्यांनी आजी आपल्या पायांनी बेकरीपर्यंत चालत आली तिथपर्यंत. सांगाडा उभा राहिला. तीनशे शहाण्णव शब्द. पाचला दहा कमी असताना लुजैनने निबंध पाठवला.

दीड महिन्यानंतर मिस दुपारी जेवून पडल्या होत्या, तोच दारावर थाप पडली. दारात अबू तारिक, अंगात तोच कोट, हातात मिठाईचा खोका.

"मिस विसाल! ज्या दयाळूने आकाश खांबांशिवाय उभं केलं, त्याची स्तुती असो. तुमच्या घराण्याला, तुमच्या मुलाला, तुमच्या दिवंगत..."

"अबू तारिक!" मिस किंचाळल्या. "पहिलं वाक्य!"

"मिळाली," ते म्हणाले. "जागा मिळाली."

आणि दोनशे माणसांना खिळवून ठेवणाऱ्या त्या माणसाला पुढचं एकही वाक्य सुचेना. खोका छातीशी धरून, उंबऱ्याच्या बाहेर उभे राहून ते लहान पोरासारखे रडायला लागले. मिसनी पदरासारखं स्कार्फचं टोक डोळ्यांना लावलं, आणि मग त्या चिडल्याच.

"अहो, आत या," त्या म्हणाल्या. "आता तरी आत या!"