लांब दाण्याचं पाकीट

आमच्या बचतगटाचा तांदूळ पहिल्यांदा नागपूरच्या प्रदर्शनात गेला, तेव्हा स्टॉलवर मी आणि माझी थोरली जाऊ अशा दोघी होतो. तिला मी मोठीबाई म्हणायची. आमचं गाव अर्जुनी मोरगावकडचं, घरची शेती धानाची. गटाची अध्यक्ष मोठीबाई होती आणि हिशेब, बँक, बाहेरचं बोलणं माझ्याकडे होतं, कारण गटात बारावीपर्यंत शिकलेली मीच. दोन हजारनंतरची ती वर्षं. गावोगावी बचतगट झाले होते आणि प्रत्येक गट लोणची, पापड नाहीतर मसाले करत होता. आम्ही चिन्नोर विकायचं ठरवलं. हा आमच्याकडचा वासाचा तांदूळ. दाणा लहान, बारीक. पण शिजायला लागला की शेजारच्या घरी कळतं.

माल चांगला होता, त्याबद्दल कोणाला शंका नव्हती. पिशवी कशी करायची हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. मोठीबाईने गोंदियाच्या दुकानातून एका मोठ्या कंपनीच्या बासमतीचं पाकीट आणलं आणि गटाच्या बैठकीत मधोमध ठेवलं. गडद हिरवा रंग, सोनेरी कमान, कमानीत महाल आणि खाली लांबलचक पांढरे दाणे.

"असंच पाह्यजे," ती म्हणाली. "लोक हेच उचलतात. आपलं असंच दिसलं तर आपलंबी उचलतील."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. चांगलं दिसणारं पाकीट म्हणजे असंच, याच्या पलीकडे आमची कल्पना जात नव्हती.

गोंदियात बाजाराजवळ एक कम्प्युटरवाला होता. लग्नपत्रिका, बिलबुक, लेबलं असली कामं करायचा. त्याने पाकीट स्कॅन केलं, कमान तशीच गिरवली, महालाला एक घुमट जास्त दिला आणि कंपनीच्या नावातली दोन अक्षरं बदलली. "बस, दीदी, अब ये आपका हो गया," तो म्हणाला. "दो अक्षर बदल दिए, कोई कुछ नहीं बोलेगा." मागच्या बाजूचा इंग्रजी मजकूरही त्याने जसाच्या तसा उतरवला. जागा रिकामी दिसू नये, एवढाच त्याचा विचार.

स्टिकर छापून आले तेव्हा जरा विचित्र वाटलं. कंपनीच्या पाकिटावरचं सोनं चकाकत होतं. आमच्या स्टिकरवर ते हळदीचं पाणी सांडल्यासारखं पिवळट दिसत होतं. कम्प्युटरवाला म्हणाला, त्यांची शाईच वेगळी असते, चमकीची. आपल्या साध्या चार रंगांत ती चमक येत नाही. आम्ही म्हटलं, दुरून कोण बघतं. पिशव्या भरल्या, स्टिकर लावले आणि नागपूरला निघालो.

पहिल्या दिवशी विक्री बरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात अजून गर्दी नव्हती. एक बाई सरळ आमच्या स्टॉलवर आल्या. सुती साडी, चष्मा, हातात स्टीलचा डबा. त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. आत भाताचा गोळा होता. भात म्हणण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं, नुसता गिचका.

"काल तुमच्याकडून नेला," त्या म्हणाल्या. "घरी पाहुणे होते. पाकिटावर लिहिलंय तसाच केला. तुम्ही बनावट माल विकता का?"

बनावट? तो तांदूळ आमच्या बांधीतला, आमच्याच धानाच्या खाचरातला होता. रोवणी आम्ही केली होती, निवडलाही आम्हीच होता.

मोठीबाई म्हणाली, "माल बनावट नाही बाई. तुमचं पाणी जास्त झालं असंन."

त्यांनी पिशवी माझ्यापुढे धरली. "पाणी मी मनाने नाही घातलं. वाचा."

मी वाचलं. त्या स्टिकरवरचा मजकूर गटात कोणी नीट वाचण्याची ती पहिलीच वेळ होती. दोन वर्षं मुरवलेला तांदूळ, असं त्यावर लिहिलं होतं. अर्धा तास भिजवा, दुप्पट पाणी घाला. निर्यातीच्या दर्जाचा, लांब दाणा. यातलं एकही वाक्य आमच्या तांदळाबद्दल नव्हतं. आमचा तांदूळ त्याच हंगामाचा, नवा. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं हे आमच्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, आणि आमचीच पिशवी दुप्पट घाला म्हणून सांगत होती. चित्रात बोटाच्या पेराएवढे दाणे होते. पिशवीत होता इवलासा चिन्नोर. पिशवी उघडल्याबरोबर त्या बाईंना फसवणूक झाल्यासारखं वाटलं असणार.

मी मोठीबाईला अर्थ सांगितला. तिने स्टिकरवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "हे कोनं लिवलं व?"

"त्या कंपनीनं," मी म्हटलं. "त्यांच्या तांदळासाठी."

मी बाईंना दुसरी पिशवी देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. पण जाता जाता टेबलावरच्या परातीतले दाणे त्यांनी तळहातावर घेतले, चोळले आणि हुंगले. चेहरा थोडा सैल झाला. "वास तर फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "मग खरं नाव का लावत नाही तुम्ही?"

दुपारी दुसरा धक्का बसला, आणि तो मला पहिल्यापेक्षा जास्त लागला. एक गृहस्थ हसतमुखाने आले. आदल्या दिवशी नेलेल्या तांदळाचा त्यांच्याकडे भात छान झाला होता. त्यांच्या बायकोने पाकिटावरचं वाचलंच नव्हतं, सवयीने केला होता. त्यांना आणखी पिशव्या हव्या होत्या. मी खूश होऊन बांधून देऊ लागले. ते म्हणाले, "या कंपनीने हा लहान दाण्याचा तांदूळ चांगला काढला. त्यांचा नेहमीचा मला आवडत नाही."

मी सांगितलं, हा कंपनीचा नाही, आमच्या गटाचा आहे. त्यांनी पिशवी उलटीपालटी करून पाहिली, नाव दोनदा वाचलं. "अच्छा, नक्कल आहे होय," म्हणाले आणि पिशव्या परत टेबलावर ठेवून निघून गेले.

भात बिघडला तेव्हा बनावट आम्ही होतो आणि चांगला झाला तेव्हा तो त्या कंपनीचा होता. आमचं नाव कुठेच नव्हतं. मोठीबाई खुर्चीवर बसली आणि नखाने एकेका पिशवीवरचा स्टिकर खरवडायला लागली. उरलेला माल आम्ही बिनस्टिकरचा विकला, विचारेल त्याला पाणी किती घालायचं ते तोंडी सांगत.

गावी परतल्यावर गटाची बैठक झाली. एकजण म्हणाली, दुसऱ्या एखाद्या कंपनीसारखं करू, लाल रंगाच्या. कम्प्युटरवाल्याने तर वारली चित्रं काढून ठेवली होती. बचतगटाला हेच शोभतं, आजकाल हेच चालतं, असं त्याचं म्हणणं. मोठीबाईने तो कागद हातात घेतला.

"हे लोक कोठचे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "तिकडं पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला. ठाण्याकडचे."

"मग आपण कायले त्यांचं घेऊन राहिलो? एक सोडलं आन् दुसऱ्याचं धरलं."

त्या दिवशी तिने एक साधी गोष्ट केली. कंपनीचं पाकीट आणि घरी राहिलेली आमची स्टिकरवाली जुनी पिशवी भिंतीजवळ ठेवली, दोन्हींवरची नावं कागदाने झाकली आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली. मग जी येईल तिला विचारायची, कोणाची पिशवी कोणती? सगळ्या दोन्हींकडे बोट दाखवून कंपनीचंच नाव घ्यायच्या. दोन अक्षरं बदलली काय आणि घुमट वाढवला काय, माणूस रंग आणि आकार बघतो. अक्षरं नंतर.

मग आमचं असं काय, हा प्रश्न आला. त्यावर दोन-तीन बैठका नुसत्या वादात गेल्या. कोणी बैलगाडी सांगितली, कोणी तलाव, कोणी कमळ. हे सगळं कोणत्याही पिशवीवर चाललं असतं. मला ती चष्मावाली बाई आठवत होती. तिचा राग चित्राने गेला नव्हता, तळहातावर दाणे घेऊन हुंगल्यावर गेला होता. आम्हीही तांदूळ तसाच पारखतो. मी हे बोलले तेव्हा एकदम सगळ्याच बोलायला लागल्या.

ठरलं की हातावर तांदूळ दाखवायचा आणि दाणा खऱ्याएवढाच काढायचा, कणभरही मोठा नाही. मोठीबाईचा पंजा कागदावर ठेवून मी पेन्सिल फिरवली आणि वर दाणे काढले. तो नमुना पानटपरीवर दाखवायला नेला तर टपरीवाला म्हणाला, "काऊन वहिनी, प्रचार करून राहिल्या का? निवडणूक तर लांब हाय." मी कागदाकडे पुन्हा पाहिलं. उघडा पंजा. ते एका पक्षाचं निवडणुकीचं चिन्ह झालं होतं. नक्कल टाळता टाळता आम्ही पुन्हा दुसऱ्याच्याच दारात जाऊन उभ्या होतो, तेही नकळत. त्यानंतर मी मोठीबाईला दोन्ही हात जोडून ओंजळ करायला लावली, आत तांदूळ भरला आणि बाजूने चित्र काढलं. तिच्या बोटांची पेरं जाड होती, अंगठ्याचं नख फुटलेलं. मी ते तसंच ठेवलं.

चमक आम्हाला परवडत नव्हती, म्हणून आम्ही चमकीच्या वाटेलाच गेलो नाही. पांढरट कापडी पिशवी घेतली आणि स्क्रीन प्रिंटिंगने एकाच रंगात छापून घेतली, गडद तपकिरी. दुकानातल्या हिरव्या-लाल-सोनेरी पाकिटांमध्ये तसं दुसरं काहीच नव्हतं. वर फक्त 'चिन्नोर' आणि तालुक्याचं नाव. मागे मराठीत लिहिलं: नवा तांदूळ, लहान दाणा, भिजवू नका. पाण्याचं माप लिहिण्याआधी आम्ही वेगवेगळ्या मापांनी भात करून पाहिला, आणि कुकरमध्ये एका वाटीला दीड वाटी ठरलं.

गोंदियाच्या दुकानदाराने पिशवी बोटांत धरून हलवली. "इसमें चमक कहाँ है? कौन लेगा?" तरी ओळखीखातर थोड्या ठेवून घेतल्या. पहिले काही महिने त्या फळीवरच राहिल्या आणि घरी आम्ही एकमेकींशी तुटक बोलायला लागलो. मोठीबाई एकदा म्हणाली, हिरवंच बरं होतं का?

मग एकदा मी त्याच दुकानात साखर घ्यायला उभी होते. एक अनोळखी माणूस आला. जवळच्या मुर्री गावाकडचा असावा, सायकलला दुधाचे कॅन होते. तो दुकानदाराला म्हणाला, "वो ओंजळवाला चावल देना."

मी दचकून मागे वळले. ओंजळवाला. पिशवीवर हा शब्द कुठेही नव्हता. आम्ही तो लिहिला नव्हता, कोणाला सांगितला नव्हता. दुकानदाराने काही न विचारता वळून फळीवरची आमची पिशवी काढून दिली. त्या माणसाने ती नाकाजवळ नेली, कॅरियरला लावली आणि निघून गेला.

माझी साखर बांधून झाली होती. दुकानदार पुडा पुढे करून थांबला होता, आणि मी रस्त्याकडेच बघत उभी होते.